विषय: दिवाळी फराळ – कार्डावरचा शेर

मेधा:
आजीच्या बेसन लाडवांच्या कार्डाचा फोटो पुन्हा जोडलाय, या वेळी उजेडात काढलेला. वाचता येतं ते असं: डाळीचे पीठ १ शेर, तूप १ पावशेर, साखर १॥ पावशेर, वेलदोडे ॥ तोळा. सामान शनिवारच्या आत आणायचंय, तीनशे लाडवांचं. साखरेच्या एकापुढच्या दोन रेघा म्हणजे काय?

संजय:
दोन रेघा म्हणजे अर्धा, म्हणून साखर दीड पावशेर. शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे ९३३ ग्रॅम, आणि पावशेर २३३. तीनशे लाडवांसाठी दहापट केलं की पीठ ९.३ किलो, तूप २.३, साखर ३.५, वेलदोडे ५८ ग्रॅम. यादी टाकतो.

वसुधाताई:
संजय, थांब. वजनाच्या शेराला पावशेर तूप म्हणजे पिठाच्या चौथाई. एवढ्यात पीठ कोरडंच राहतं, तळाला करपतं आणि मूठ वळत नाही. बेसनाच्या लाडवाला पिठाच्या निम्मं तूप लागतंच. पीठ मापाच्या शेराने भरायचे, तूप-साखर तागडीत तोलायचे. माझ्याकडे आईचं पितळी शेराचं माप आहे. आत्ताच चाळलेलं पीठ सपाट भरून तोललं, ५१० ग्रॅम भरलं. त्याला २३३ तूप बरोबर बसतं.

प्रकाश:
आमच्याकडे अनारशाचे तांदूळही मापट्यानेच घ्यायचे. त्याचं ग्रॅममध्ये कोणी सांगेल का? आणि मापी शेर सगळीकडे सारखा नव्हता. मेधा, तुझ्या आजी कुठल्या?

मेधा:
वाईच्या. अनारसे यंदा यादीत नाहीत.

संजय:
तुपाचं पटलं. मग पीठ ५ किलो, बाकी तेच. एकूण १०.८ किलो, ३५ ग्रॅमचा लाडू धरला तर तीनशेच्या वर होतात. पाच किलो एकदम भाजू या, गॅस मोठा आहे.

नंदा (किचन):
हॉलच्या किचनची जबाबदारी माझ्याकडे आहे, एवढं पीठ एकदम भाजू देणार नाही. वरचं कच्चं राहतं आणि तळ लागतो, गेल्या वर्षीचा रवा आठवा. सव्वा किलोचे चार घाणे करा. प्रत्येक घाण्याच्या वाट्याच्या तुपातलं आधी पाऊण भागच घाला. इथलं पीठ बारीक असतं, गावच्या जाड दळणाइतकं तूप पितं का ते बघूनच उरलेलं घाला.

वसुधाताई:
नंदाचं खरं आहे. साखर पिठी घ्या आणि मिश्रण कोमट झाल्यावरच मिसळा, नाहीतर विरघळून लाडू बसतात. वाईचा शेर माझ्या मापाएवढाच होता की नाही, हे मात्र मी छातीठोक सांगणार नाही. शुक्रवारी पाव किलो पिठाचा एक घाणा करून बघू, मग खरेदी.

प्रकाश:
शुक्रवारी येतो. मापट्याचं मात्र राहिलं.