मदत हवी आहे: ‘पाटावर बसले’ म्हणजे नेमकं कुठं?

नमस्कार मंडळी. परभणीकडच्या एका खेड्यात मी चौथीला मराठी शिकवते. एकाच शब्दाचे वेगवेगळे अर्थ ओळखायचा सराव चालू आहे.

‘नाव’ आणि ‘माळ’ लेकरांना जमले, कारण तिथं लिंग बदलतं. ‘तिचं नाव’ आणि ‘तिची नाव’. ‘माळेत’ म्हटलं की फुलं, ‘माळावर’ म्हटलं की शेरडं. शेजारचा शब्द आणि विभक्ती बघा, एवढं सांगितलं की पुरतं.

अडलं ते ‘पाट’वर. बसायचा पाट आणि पाण्याचा पाट, दोन्ही पुल्लिंगी, दोन्हींचं ‘पाटावर’च होतं. वाक्य होतं, ‘आजोबा पाटावर बसले.’ एका मुलानं ‘पाण्याचा पाट’ लिहिलं. विचारलं तर म्हणाला, “बाई, आमचे आबा रोज पाणी धरायला गेले की तिथंच बसत्यात.” उत्तरसूचीत मात्र लाकडी पाट. मी त्याला गुण दिला. माझ्या मते चूक वाक्याची आहे. ‘जेवायला’ एवढा एक शब्द असता तर घोळ झालाच नसता.

आता मला सगळी वाक्यं नव्यानं लिहायचीत. लिंग सारखंच राहणारे असे आणखी शब्द सुचवाल का? प्रत्येकाची दोन वाक्यं द्या, पण अर्थ ठरवणारा शब्द वाक्यातच हवा. ‘कर’ आणि ‘तास’ माझ्याकडं आहेत.