नकाशाचा स्क्रीनशॉट पुरतो का भाग डाउनलोड करून ठेवायचा?

वाटसरू_नवा: पुढच्या आठवड्यात अनोळखी शहरात जातोय. रात्री स्टेशनवर उतरून मुक्कामाच्या जागेपर्यंत साधारण दीड किलोमीटर चालायचंय. तिथे नेट मिळेल याची खात्री नाही. गूगल मॅप्सवर रस्ता काढून त्याचा स्क्रीनशॉट ठेवावा, का तो भागच ऑफलाइन डाउनलोड करावा?

दिशाहीन: डाउनलोड कर, यात विचारण्यासारखं काय आहे? स्क्रीनशॉट म्हणजे चित्र. आपण त्यात कुठे उभे आहोत हे ते चित्र सांगत नाही. एकदा चुकीच्या गल्लीत वळलास की संपलं.

फिरस्ती_आजी: मी कायम स्क्रीनशॉटच ठेवते. नेट नसेल तर तो निळा ठिपकाही येत नाही, मग डाउनलोड करून उपयोग काय?

नकाशेवाला: आजी, ठिपका येतो. तो उपग्रहांकडून येणाऱ्या सिग्नलवर चालतो, त्याला नेट लागत नाही. नेट असलं की उपग्रह कुठे आहेत ही माहिती फोनला आयती मिळते, म्हणून ठिपका पटकन उमटतो. नसलं की तीच माहिती थेट उपग्रहाकडून घ्यावी लागते आणि त्यात वेळ जातो. स्टेशनच्या छपराखाली उभं राहून "येतच नाही" म्हणू नका. उघड्यावर या, मिनिटभर थांबा.

पण दिशाहीन, प्रश्न चालण्याचा आहे आणि तू तिथेच घसरलास. गूगल मॅप्समध्ये डाउनलोड केलेल्या भागात रस्ता काढून मिळतो तो फक्त गाडीचा. पायी, सायकल, बस-ट्रेन यांपैकी काहीच ऑफलाइन मिळत नाही.

दिशाहीन: मग गाडीचाच रस्ता धरून चालायचं. रस्ता तो रस्ता.

नकाशेवाला: करून बघ. माझ्या बाबतीत पायी १.४ किलोमीटरचं अंतर गाडीच्या रस्त्याने ३.१ झालं होतं. मधले दोन रस्ते एकेरी होते, त्यामुळे गाडीला मोठा वळसा. वर त्या वळशात एक उड्डाणपूल, त्यावर फुटपाथच नाही. सामान ओढत मी पुलाच्या तोंडाशी उभा! स्टेशनमागचा पादचारी पूल गाडीच्या रस्त्यात कसा येणार?

फिरस्ती_आजी: म्हणजे माझंच खरं ठरलं की.

नकाशेवाला: अर्धं. तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये गल्ल्यांची नावं दिसतात का? पूर्ण रस्ता एका पडद्यात बसवला की नकाशा लांबून दिसतो आणि लहान गल्ल्यांची नावं गळतात. नंतर फोटो कितीही मोठा करा, अक्षरं फुटतात, नावं काही उगवत नाहीत. म्हणून तीन काढा: पूर्ण रस्त्याचा एक, वळणांच्या यादीचा दुसरा, आणि शेवटच्या दोनशे मीटरचा अगदी जवळून तिसरा. काढण्याआधी कंपासच्या खुणेवर टिचकी मारून उत्तर वर आणा. नाहीतर तिन्ही चित्रं तीन दिशांना तोंड करून बसतात आणि जुळवताना डोकं उठतं.

रात्रपाळी: मी तर घरच्यांना लाइव्ह लोकेशन पाठवून ठेवतो, तेच सांगतात डावीकडे वळ म्हणून.

दिशाहीन: अरे, नेट नसेल तेव्हाचं चाललंय. लाइव्ह लोकेशन काय कबुतर नेणार?

रात्रपाळी: ओह. ते वाचलंच नाही. पण निघताना नेट असेल तर पायी रस्ता सुरू करून ठेवायचा, अॅप बंद करायचं नाही. मध्येच नेट गेलं तरी रेघ राहते.

नकाशेवाला: राहते, तुम्ही रेघेवर आहात तोवर. चुकून बाहेर पडलात आणि नवीन रस्ता शोधायची वेळ आली की अडतं. त्यावर मदार ठेवू नये. मी डाउनलोड केलेला नकाशा उघडा ठेवतो तो ठिपक्यासाठी, आणि कुठे वळायचं ते स्क्रीनशॉटवर बघतो.

मोकळी_वाट: दोन-दोन गोष्टी कशाला? ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारी ऑर्गॅनिक मॅप्ससारखी अॅप्स ऑफलाइन पायी रस्ताही देतात.

नकाशेवाला: देतात, मान्य. पण तो नकाशा स्वयंसेवक भरतात. गल्ली सापडते, मुक्कामाच्या जागेचं नाव प्रत्येक ठिकाणी सापडेलच असं नाही. आधी शोधून खूण करून ठेवावी लागते.

वाटसरू_नवा: आत्ता घरीच एअरप्लेन मोड लावून बघितलं. भाग डाउनलोड केला होता, तरी गाडीचासुद्धा रस्ता निघेना.

नकाशेवाला: चौकोन ओढताना स्टेशन किंवा मुक्काम बाहेर राहिला असेल, किंवा सुरुवात म्हणून तुझं घरच धरलं गेलं असेल. दोन्ही टोकं चौकोनात हवीत.

वाटसरू_नवा: घरच धरलं होतं! स्टेशन टाकल्यावर निघाला. २.६ किलोमीटर, आणि पायी स्क्रीनशॉटमध्ये १.५.

फिरस्ती_आजी: मी तरी स्क्रीनशॉट कागदावर छापूनच नेणार. बॅटरी चार टक्क्यांवर आली की तुमचा ठिपका काय करतो ते मी पाहिलंय.

दिशाहीन: रात्रीच्या अंधारात कागद वाचायला टॉर्च कुठली, आजी? फोनचीच ना?