'मरणासन्न राजकन्ये'वर तीस कविता, तीसही सारख्याच

खडूफळा, परभणी: चित्र दाखवून कविता लिहून घ्या, निरीक्षण वाढतं म्हणे. नववीच्या लेकरांना अजिंठ्याच्या 16 नंबर लेण्यातली 'मरणासन्न राजकन्या' दिली. तीस वह्या, तीसही वह्यांत वेदना आणि अश्रू. कसलं निरीक्षण?

ओसरी: सर, नाव फळ्यावर लिहिलं होतं ना? मग चित्र बघायची गरज कुणाला उरली? 'मरणासन्न' हे नाव एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजांच्या वर्णनातून आलंय. आता अभ्यासक तिला बुद्धाच्या सावत्र भावाची, नंदाची बायको सुंदरी मानतात. नंद भिक्षू झाला, सेवक त्याचा मुकुट घेऊन आला आणि ती कोसळली. मुकुट चित्रातच आहे. तीसपैकी किती वह्यांत आला?

मी नाव झाकून ठेवते. दहा मिनिटं फक्त वस्तू, माणसं आणि त्यांच्या हालचाली लिहायच्या; विशेषण आलं की खोडायचं. मग चित्र पालथं घालून आठवेल त्यावर सहा ओळी. मग पुन्हा चित्र समोर धरून, जे त्यात नाही त्याखाली रेघ मारायची. एका पोरीनं 'गालावर ओघळ' लिहिलं होतं. शोधला, सापडला नाही. पापण्या तेवढ्या मिटत आलेल्या. तिनं ओळ बदलली: 'कोपर उशीवर, मनगट दुसरीच्या हातात'. पुढचं तिला सुचलंच नाही, तेही चाललं.

गोदाकाठ: ही कविता की तलाठ्याचा पंचनामा? आणि उलटं सांगायलात तुम्ही. आधी अश्वघोषाचं 'सौंदरनंद', मग चित्र. चित्रकारानंच काव्य वाचून काढलंय ते.

ओसरी: काव्य आधीचं, मान्य. पण त्याच्यासमोर तीच पोथी होती हे कुणी सिद्ध केलंय? कथा तोंडोतोंडीही फिरतात. पंचनाम्याचं म्हणाल तर बरोबर आहे तुमचं. काही लेकरं यादीवरच थांबतात, त्यावर माझ्याकडं औषध नाही.

रिकामा तास: कविता राहू द्या हो. आमच्याकडं चित्रकलेचा तास गणिताला जातो, त्याचं बोला! पोराची इंटरमिजिएटची परीक्षा तोंडावर, आणि शाळेत तीन वर्षं चित्रकलेचे सर नाहीत.

खडूफळा: गणिताला जातो म्हणजे? दहावीच्या निकालाला जाब कोण देतंय, तुम्ही?

रिकामा तास: म्हणजे तुम्हीच का ते तास ओढणारे! मी म्हणलंच.

गोदाकाठ: भांडा आता. आम्हाला तर सहावीपासून चित्रकलेचा तास म्हणजे ग्राउंड झाडायचा तास होता.

रिकामा तास: झाडू तरी मिळाला तुम्हाला. आमच्या शाळेत...

ओसरी: खडूफळा सर, मुकुटाचं राहिलं.

खडूफळा: सगळ्या वह्या पुन्हा काढल्या, झालं समाधान? एकाही वहीत नाही. पण लेकरांना मी झेरॉक्स वाटली होती, काळीकुट्ट आलेली. आता मोबाइलवर मोठं करून बघितलं तेव्हा मलाच पहिल्यांदा दिसला.

रिकामा तास: रंगीत प्रिंटला पैसे कोण देणार, तेही सांगा.