मदत हवी आहे: व्हिडिओ तपासणीच्या मेसेजमध्ये फोनचा पर्याय कसा लिहावा?

ठाण्यात नौपाड्यातल्या दवाखान्यासाठी मेसेज ठरवतोय. मसुदा असा:

"उद्या सकाळी 11 वाजता डॉक्टर व्हिडिओवर भेटतील. आज संध्याकाळी त्याच फोनवरून, त्याच वायफायवर ही लिंक उघडून पाहा. कॅमेरा-माइकसाठी विचारलं की Allow दाबा. उद्या 11:05 पर्यंत जोडलं गेलं नाही, तर लिंक सोडा आणि फोन मोकळा ठेवा. डॉक्टर याच नंबरवर फोन करतील."

फोन आमच्याकडूनच जाईल, हे मुद्दाम ठेवलंय. दोघांनी एकदम लावला की दोन्हीकडे बिझी. चाचणी आदल्या दिवशी, कारण चुकून Block दाबलं की क्रोम पुन्हा विचारत नाही. पत्त्याशेजारच्या चिन्हावरून Permissions मध्ये शिरावं लागतं. आजोबांना हे ऐन 11 वाजता कोण समजावणार?

अडलंय ते नव्या रुग्णांपाशी. 2020 च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार पहिल्या भेटीत 'लिस्ट ए' मधली औषधं व्हिडिओवर पाहूनच देता येतात, नुसत्या फोनवर नाही. मग "फोनवर काही औषधं लिहून देता येणार नाहीत" हे मेसेजमध्येच टाकावं, की नव्यांसाठी वेगळा मेसेज करावा? कोणी असा मजकूर वापरत असेल, तर नेमकी वाक्यं द्याल का?