सल्ला हवा : प्रत्येक फोटोखाली येणाऱ्या ‘मला फॉलो करा ना’ या विनंतीला न दुखावता काय उत्तर द्यावे?

कासची_पायवाट (सातारा)
मी निवृत्त शिक्षक असून इन्स्टाग्रामवर कास पठारावरच्या आणि यवतेश्वर घाटातल्या रानफुलांचे फोटो टाकतो. तेरडा, गेंद, सीतेची आसवे, असेच सगळे. गेल्या हंगामापासून जवळजवळ प्रत्येक फोटोखाली ‘सर, खूप छान, प्लीज मला पण फॉलो करा’ अशी प्रतिक्रिया येते आणि लिहिणारी माणसे बहुतेक तीच असतात. काही अनोळखी आहेत, पण काही माझे जुने विद्यार्थी आहेत आणि एक तर आमच्याच गल्लीत राहतो. पहिल्यांदा मी ‘बघतो’ असे लिहिले होते. त्यानंतर विनंत्या कमी होण्याऐवजी वाढल्या. मला कोणालाही ब्लॉक करायचे नाही, खाते खाजगी करायचे नाही आणि या कामाला रोज संध्याकाळी दहा मिनिटांहून अधिक वेळ द्यायचा नाही. उत्तर उद्धट वाटू नये, इतकीच अपेक्षा आहे. नेमके कोणते शब्द वापरावेत?

हळदवाला_सांगली
सरळ ब्लॉक करा. आमच्या हळदीच्या पानावर मी दिवसाला दोन-चार जणांना बाहेर काढतो आणि त्यावाचून माझे काहीही अडलेले नाही.

माहुलीची_ताई
त्यांनी ब्लॉक करायचे नाही असे स्पष्ट लिहिले आहे. माझे मत असे की सगळ्यांना फॉलो करून लगेच म्यूट करावे. म्यूट केल्याचे समोरच्याला कळत नाही, त्याला आनंद होतो आणि आपल्याला त्याचे काही पाहावे लागत नाही. माझ्या नणंदेच्या बाबतीत मी हेच केले आहे.

कृष्णाकाठ (सांगली)
नणंद एकच असते, ताई. इथे एकाला फॉलो केले की दुसरा येऊन यादी उघडून पाहतो आणि ‘त्याला केले, मला का नाही’ असे विचारतो. शिवाय इन्स्टाग्रामवर एका खात्याला साडेसात हजारांपलीकडे फॉलो करता येत नाही. ती मर्यादा सरांना लागणार नाही, हे मान्य. पण यादीतली रानफुलांची मोजकी खाती मात्र गर्दीत हरवतील.

मी दोन दुकानांची पाने सांभाळतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. ‘बघतो’, ‘सध्या शक्य नाही’, ‘वेळ मिळाला की करतो’ ही तिन्ही उत्तरे सौम्य वाटतात, परंतु वाचणाऱ्याला त्यांत होकार दिसतो आणि म्हणून तो पुढच्या फोटोखाली आठवण करून देतो. तुमच्या बाबतीत तेच घडले आहे. नकार एकदाच आणि पूर्ण द्यावा, पण तो त्या व्यक्तीवर न बेतता तुमच्या नियमावर बेतलेला असावा. उदाहरणार्थ, त्या गल्लीतल्या मुलाला असे लिहिता येईल :

‘धन्यवाद. तुझा सज्जनगडावरचा धुक्याचा फोटो पाहिला, सकाळचा उजेड चांगला टिपला आहेस. मी या खात्यावरून फक्त रानफुलांची पाने फॉलो करतो, त्यामुळे तुझे खाते जोडणार नाही. राग नसावा.’

यात दोन अटी आहेत. फोटो खरोखर पाहिलेला असावा, नाहीतर ते कौतुक पोकळ आहे हे मुलांना लगेच कळते. दुसरे म्हणजे नियम खरा असावा. तुमच्या यादीत एखादा क्रिकेटपटू निघाला, तर हेच उत्तर तुमच्यावर उलटेल. त्याच माणसाने पुन्हा विचारले, तर उत्तर न देता त्या प्रतिक्रियेला फक्त लाईक करावे. तिसऱ्यांदा विचारले, तर रिस्ट्रिक्ट करावे. त्याला स्वतःची प्रतिक्रिया दिसत राहते, इतरांना मात्र तुम्ही मान्यता दिल्याशिवाय दिसत नाही, आणि त्याला तशी सूचनाही जात नाही.

विश्रामबाग_एक्सप्रेस
मलाही फॉलोअर वाढवायचे आहेत. सरांनी रोज एकाच वेळी फोटो टाकावा आणि संगीत लावावे. माझे असेच वाढले.

माहुलीची_ताई
सरांना फॉलोअर वाढवायचे नाहीत, विनंत्या कमी करायच्या आहेत.

कोरेगावचा_वाटाणा
इतके कष्ट कशाला? कृष्णाकाठ यांनी लिहिलेले उत्तर फोनमध्ये साठवून ठेवावे आणि प्रत्येकाखाली चिकटवावे. दहा मिनिटांत वीस माणसे होतील. त्याहून सोपे म्हणजे सेटिंगमध्ये लपवायच्या शब्दांच्या यादीत ‘फॉलो’ घालावे, म्हणजे विनंती दिसणारच नाही.

कृष्णाकाठ (सांगली)
दोन्ही उपाय अर्धे बरोबर आहेत. एकच वाक्य वीस ठिकाणी भराभर चिकटवले, तर इन्स्टाग्राम त्याला स्पॅम समजून काही काळ प्रतिक्रिया लिहिणेच थांबवू शकते. शिवाय तीच वाक्ये एकाखाली एक दिसली, की ज्याला लिहिले त्यालाही आपण रांगेतला एक असल्यासारखे वाटते.

शब्दांच्या यादीचा उपाय चांगला आहे, पण नुसता ‘फॉलो’ घातला, तर ‘मी तुम्हाला खूप दिवसांपासून फॉलो करतो, या फुलाचे नाव काय?’ असा कामाचा प्रश्नही लपतो. म्हणून ‘मला पण फॉलो करा’, ‘फॉलो बॅक’ असे पूर्ण शब्दसमूह घालावेत. त्यातही एक गोम आहे. काही कळफलकांवर ‘फॉ’मधला ऑकार एका चिन्हाने उमटतो, तर काही जण काना आणि अर्धचंद्र वेगवेगळे टाइप करतात, डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण यादीला ते वेगळे शब्द वाटतात. रोमन लिपीत लिहिणारे आणखी निराळे. म्हणून एखादी विनंती गाळणीतून सुटली, की तीच प्रतिक्रिया कॉपी करून यादीत घालावी. लपवलेल्या प्रतिक्रियाही आठवड्यातून एकदा चाळाव्यात.

हळदवाला_सांगली
एवढे वाचेपर्यंत माझे ब्लॉक करून झाले असते.

वाईकर_नवखा
मी स्वतः अशी विनंती लिहिणाऱ्यांपैकी आहे. आमच्या गटात ‘तू मला, मी तुला’ असे चालते आणि मोठ्या खात्याने फॉलो केले तर मित्रांत मान वाढतो. एका पानाने मला ‘आम्ही भीक घालत नाही’ असे उत्तर दिले होते. तेव्हापासून मी ते पान पाहत नाही. ज्यांनी माझ्या फोटोबद्दल एक ओळ लिहिली आणि नकार दिला, त्यांचे मला वाईट वाटले नाही. मात्र नकार सगळ्यांसमोर नको होता, वैयक्तिक संदेशात चालला असता.

माहुलीची_ताई
मीही तेच म्हणणार होते. चारचौघांत नकार देऊ नये.

कृष्णाकाठ (सांगली)
माझा अनुभव उलट आहे. सार्वजनिक उत्तर इतर दहा जण वाचतात आणि विचारायचे थांबतात. संदेशात उत्तर दिले, की तिथे नवे संभाषण सुरू होते आणि सरांची दहा मिनिटे संपतात. हवे तर परिचयाच्याच जागेत ‘येथून फक्त रानफुलांची पाने फॉलो केली जातात’ एवढे लिहून ठेवा. तिथे दीडशे अक्षरांचीच मर्यादा आहे आणि मात्रा, अनुस्वारही वेगळे मोजले जातात, त्यामुळे मराठी ओळ आखूडच ठेवावी लागते.

कासची_पायवाट (सातारा)
सर्वांचे आभार. यादीत शब्दसमूह घातले. तपासताना माझ्या स्वतःच्या यादीत दोन मिसळवाले आणि एक क्रिकेटपटू सापडल्यामुळे तो नियम मला सांगता येणार नाही, आणि त्यांना मी काढणारही नाही. परिचयाच्या जागेत पाटी लावणेही मला शाळेच्या फाटकासारखे वाटते. अनोळखी माणसांना उत्तर द्यायचे नाही असे ठरवले आहे. जुने विद्यार्थी मात्र मी फॉलो करणार आहे, म्यूट न करता. गल्लीतल्या मुलाला पुढच्या रविवारी कासला बरोबर नेतो; विचारायचे ते त्याने तिथे विचारावे.

कोरेगावचा_वाटाणा
मग आता बाकीचे सगळे ‘सर, मी पण तुमचा विद्यार्थी’ असे लिहू लागतील, ते पाहा.

कासची_पायवाट (सातारा)
त्यांना वर्गशिक्षकांचे नाव विचारीन.