बिलं १५० ची, इन्स्टॉल १४२. ऑडिटला अजून काय हवंय?

नेटवर्कवाला_भोसरी
आमच्या कंपनीत इंटरनल ऑडिट चालू आहे. इन्व्हेंटरी टूलमध्ये मायक्रोसॉफ्ट ऑफिस १४२ मशीनवर दिसतं, खरेदीची बिलं १५० ची आहेत. म्हणजे उलट ८ शिल्लकच. तरी ऑडिटवाल्या बाईंनी 'जुळत नाही' असा शेरा मारला आणि आता भंगारात गेलेल्या पीसींचं रजिस्टर मागतायत. आकडे जुळले की विषय संपला ना? भंगाराचा आणि सॉफ्टवेअरचा संबंध काय? या लोकांना काम दाखवायचं असतं, बाकी काही नाही.

लाल_पेन
मीही हेच काम करते, म्हणून लागलं. दोन बेरजा शेजारी मांडल्या म्हणजे जुळवणी झाली, असं समजणाऱ्याच्या हातात मी बँकेचं पासबुकसुद्धा देणार नाही. त्या १५० मध्ये कंपनीने गठ्ठ्याने घेतलेली व्हॉल्यूम लायसन्स किती आणि पीसीबरोबर आलेलं किती? पीसीबरोबर आलेल्यांपैकी किती पीसी आज जिवंत आहेत? एवढं सांगा, मग भंगाराचा संबंध दाखवते.

नेटवर्कवाला_भोसरी
९० व्हॉल्यूम. ६० होम अँड बिझनेस, पीसीच्याच बिलात होतं. त्या ६० पैकी २३ पीसी गेल्या वर्षी भंगारात दिले. सगळी बिलं फाईलला आहेत, घ्या.

लाल_पेन
बिल असेल हो, हक्क उरलेला नाही. पीसीत आधीपासून टाकून आलेलं ऑफिस त्या पीसीला बांधलेलं असतं. पीसी भंगारात गेला की ते लायसन्सही गेलं. म्हणजे ९० अधिक ३७, एकूण १२७. वापरात १४२. तुमची ८ शिल्लक नाहीत, १५ कमी आहेत.

माझ्यावर विश्वास नको, मशीनला विचारा. ऑफिसच्या फोल्डरमध्ये जाऊन हे चालवा:

```
cscript ospp.vbs /dstatus
```

LICENSE NAME च्या ओळीत VL दिसलं तर ते व्हॉल्यूमचं. माझा हिशेब बरोबर असेल तर १४२ मधून ३७ वजा जाता १०५ मशीनवर VL दिसायला हवं, आणि तुम्ही घेतलेत ९०. फरक पुन्हा १५ च. भंगाराच्या बदली आलेले नवे पीसी ऑफिसशिवाय घेतले असणार आणि इंजिनिअरने हाताशी असलेली MAK की, म्हणजे व्हॉल्यूमची अनेक मशीनवर चालणारी एकच की, टाकून दिली असणार. असंच होतं सगळीकडे.

एक्सेल_महाराज
थोडं थांबा ताई. ऑफिस दुसऱ्या पीसीवर नेता येतं. २०१३ मध्ये आधी बंदी होती, लोकांनी आरडाओरडा केल्यावर मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी नियम बदलला. त्यामुळे ते २३ गेले असं म्हणता येणार नाही.

लाल_पेन
नियम बदलला हे खरं, पण तो दुकानातून वेगळं विकत घेतलेल्या रिटेल प्रतीसाठी. पीसीत टाकून आलेल्याला तो लागू नाही. म्हणून तर बिलाची ओळ वाचायची असते, नुसती बेरीज नाही.

एक्सेल_महाराज
बरं. तेवढं तुमचं.

नेटवर्कवाला_भोसरी
पण की ॲक्टिव्हेट झाली ना! जास्तीची असती तर मायक्रोसॉफ्टनेच अडवलं असतं.

लाल_पेन
MAK वर ॲक्टिव्हेशनची मर्यादा बहुतेक वेळा खरेदीपेक्षा जास्तच ठेवलेली असते, कारण मशीन फॉरमॅट होतात. चालू झालं याचा अर्थ चालू झालं, एवढाच. 

छापखाना_कोल्हापूर
विषय निघालाच आहे तर. आमच्याकडे मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरची दोन डाँगल आहेत आणि सॉफ्टवेअर सात मशीनवर टाकलंय. ऑडिटरने 'पाच अनधिकृत' लिहिलं. अरे, डाँगल लावल्याशिवाय त्यात एक अक्षर उमटत नाही! एका वेळी दोघेच काम करतात.

लाल_पेन
करार काढून बघा. काही करारात एका वेळी किती चालतात ते मोजतात, काहीत किती मशीनवर टाकलंय ते. कुलूप काय करतं यावर ते ठरत नाही.

छापखाना_कोल्हापूर
करार कुठला? २००६ सालचं पाकीट होतं, उंदरांनी खाल्लं. आणि डाँगल जळालं तेव्हा विक्रेता म्हणाला नवीन घ्या, पूर्ण पैसे. आमच्या मालमत्ता रजिस्टरला ते डाँगल 'किरकोळ साहित्य' म्हणून एक रुपयाला उभं आहे, पेपरपंचच्या खालच्या ओळीत. हरवलं तर पूर्ण किंमत आणि रजिस्टरात एक रुपया!

सर्व्हररूम_सातारा
काका, अजून डाँगल? युनिकोड वापरा की आता.

छापखाना_कोल्हापूर
लग्नपत्रिका कधी छापली आहे का बाळा? गिऱ्हाईक जुनी फाईल घेऊन येतं, 'मोठ्या मुलीची होती तशीच करा' म्हणतं. ती फाईल युनिकोडमध्ये उघडली की गणपतीच्या जागी इंग्रजी कचरा दिसतो.

सर्व्हररूम_सातारा
कन्व्हर्टर असतात त्याला.

छापखाना_कोल्हापूर
असतात. रफार कुठल्या कुठे नेऊन ठेवतात. मग तुम्ही या प्रूफ तपासायला, रात्री अकराला.

एक्सेल_महाराज
आमच्याकडे तर पॅरलल पोर्टचं डाँगल आहे, त्याच्यासाठी एक एक्सपी मशीन जिवंत ठेवलंय. ऑडिटरला ते दाखवतच नाही.

लाल_पेन
वा. आणि मग म्हणायचं आकडे जुळतात.

सर्व्हररूम_सातारा
मूळ मुद्द्यावर या. ताईंचा हिशेब बरोबर, पण त्या १४२ वर एवढ्या भोळेपणाने विश्वास का? ज्या मशीनवर टूलचा एजंट प्रोग्राम टाकलाय, त्यांचंच ते सांगतं. रजिस्टरात चालू पीसी किती आणि टूलमध्ये किती, हे आधी विचारायला हवं होतं. आणि मशीन फॉरमॅट करून नाव बदललं की जुनी नोंद तशीच राहते, एकच पीसी दोनदा मोजला जातो. आमच्याकडे झालंय.

लाल_पेन
म्हणून नावाने जुळवायचं नाही, BIOS च्या सिरीयल नंबरने जुळवायचं. तोच नंबर बिलावर, तोच रजिस्टरात.

सर्व्हररूम_सातारा
असेंबल्ड पीसीत तिथे काय येतं माहितीय? "To be filled by O.E.M." सगळ्यांना तेच. आमच्या गोदामातले सगळे पीसी टूलच्या मते एकच पीसी होते. करा जुळवणी.

लाल_पेन
हं. तिथे चिकटवलेल्या टॅगवरून हिंडून मोजावं लागतं, मान्य. ते कोणालाच आवडत नाही, मलाही नाही.

नेटवर्कवाला_भोसरी
चालवलं. VL १०४ आलं, १०५ नाही. एक पीसी टूलमध्ये दोनदा होता, सातारकरांचं खरं निघालं. म्हणजे १४ कमी. शिवाय रजिस्टरात चालू पीसी १६०, टूलमध्ये नोंदी १५१. त्यातली एक दुबार, म्हणजे १० पीसींचा पत्ताच नाही. खूश?

लाल_पेन
ते १० बघेपर्यंत 'किमान १४' लिहा.

एक्सेल_महाराज
लिहूच नका म्हणतो मी. कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ब वाचा. माहीत असून बेकायदा प्रत वापरली तर सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड. ऑडिट रिपोर्टात आकडा लिहिला की 'माहीत नव्हतं' म्हणायची सोय गेली.

लाल_पेन
म्हणजे डोळे मिटून ठेवायचे? रिपोर्टाच्या तारखेनंतर लगेच खरेदीची ऑर्डर असेल तर तोच कागद तुमच्या बाजूने उभा राहतो.

एक्सेल_महाराज
आणि ऑर्डर सहा महिने फायनान्समध्ये पडली तर? कोणाच्या बाजूने उभा राहतो? तुमची सही असते, तुरुंगात जायची भीती आमच्या डायरेक्टरला.

सर्व्हररूम_सातारा
यावर वकिलाला विचारा. आमच्याकडच्या दोघांनी दोन वेगळी उत्तरं दिली होती.

नेटवर्कवाला_भोसरी
१४ चं कोटेशन मागवलंय. १० पैकी चार सेल्सवाल्यांच्या घरी सापडले, बाकीचे शोधतोय. पण बाईंनी मला आधी नीट समजावलं असतं तर इथे यायची वेळ आली नसती, हे लिहून ठेवा.

छापखाना_कोल्हापूर
त्या पाच मशीनचं काय ठरलं? अनइन्स्टॉल करू की नको?