'टारपिट'ला मराठीत काय म्हणाल? (आणि 'ड्रॉप'ला?)

मीनल_सातारा
गावोगावच्या वाचनालयांचे छोटे सर्व्हर सांभाळणाऱ्या मुलांसाठी एक मराठी पुस्तिका लिहिते आहे, त्यात एका शब्दापाशी अडले आहे. एक प्रकरण स्कॅनरांवर आहे. दिवसरात्र दिसेल त्या पत्त्याचं दार ठोठावत फिरणारे प्रोग्राम ते. त्यांच्याशी वागायच्या दोन तऱ्हा दिल्या आहेत. एक 'ड्रॉप': आलेलं पॅकेट उत्तर न देता टाकून द्यायचं. दुसरी 'टारपिट': जोडणी स्वीकारायची, पण मग तिला पुढे सरकूच द्यायचं नाही, म्हणजे समोरच्याचा वेळ जातो.

मी ड्रॉपला 'गाळणे' आणि टारपिटला 'डांबरखड्डा' लिहिलं. मजकूर तपासणाऱ्या सरांनी 'डांबरखड्डा' खोडून समासात लिहिलं, "रस्त्यातला खड्डा वाटतो." त्यांचं बरोबर आहे, पण मग काय लिहू? क्रियापद मिळालं तर उत्तम, कारण वाक्यात सारखं लागतं.

जुनापोथीवाला
शब्द हाताशी असताना शोध कशाला? 'डांबणे'! आपण 'खोलीत डांबून ठेवलं' म्हणतोच. डांबर आणि डांबणे एकाच मुळातून आले असावेत असं मला फार वर्षं वाटत आलंय. डांबरात पाय पडला की माणूस डांबलाच. 'स्कॅनर डांबणे' लिहा आणि निर्धास्त व्हा. टारपिट-बिरपिट देवनागरीत लिहिणं म्हणजे भाषांतर नव्हे.

रसिका
काका, 'डांबणे' सुचवलंत ते आवडलं, पण व्युत्पत्ती पटत नाही. मलायी भाषेत 'दमर' म्हणजे झाडाची राळ. डामर, डांबर त्या घराण्यातले वाटतात. डांबणे मात्र कोंडण्याच्या अर्थाचं वेगळंच क्रियापद असावं. आमचे आजोबा तर 'डांबिस' हा शब्द 'डॅम बीस्ट' वरून आला असं ठामपणे सांगत. सारखं दिसतं ते सगळं सख्खं नसतं.

इंग्रजी शब्दामागचं चित्र मात्र खरंखुरं आहे. लॉस एंजेलिसमध्ये ला ब्रिया नावाची जागा आहे, तिथे जमिनीतून डांबर झिरपतं आणि हजारो वर्षांपूर्वी त्यात मॅमथ, लांडगे रुतून मेले. स्पॅनिशमध्ये 'ब्रिया' म्हणजेच डांबर. २००१ मध्ये कोड रेड नावाचा वर्म पसरला, तेव्हा टॉम लिस्टन यांनी त्याला अडकवणारा प्रोग्राम लिहिला आणि त्याचं नाव 'लाब्रिया' ठेवलं. म्हणून माझं मत 'रुतवणे'. रुतणारा स्वतःच्या पायाने येतो, हे त्यात आहे.

गोट्या_नागपूर
शब्द नंतर ठरवा, आधी दोन्हींत फरक तरी आहे का? ड्रॉप केलं तरी समोरचा थांबतोच. लिनक्सवरून ड्रॉप लावलेल्या पोर्टला जोडून बघा, दोन मिनिटं काहीच होत नाही, मग कुठे टाइमआउट येतो. म्हणजे वेळ दोन्हीकडे वाया. दोन्हींना 'ताटकळत ठेवणे' म्हणा.

पहारेकरी
गोट्याभाऊ, दोन मिनिटांचं तुम्ही बरोबर सांगितलंत, निष्कर्ष चुकला. ती दोन मिनिटं ज्याने-त्याने स्वतः ठरवलेली असतात. ६.५ च्या आधीचं लिनक्स कर्नल पहिलं पॅकेट पाठवतं, एक सेकंद वाट बघून पुन्हा, मग दोन, चार, आठ असं दुप्पट थांबत सहा वेळा. एकूण १२७ सेकंदांनी नाद सोडतं. हा साध्या क्लायंटचा स्वभाव. स्कॅनर लिहिणारा इतका थांबेल कशाला? तो एकदा ठोठावतो आणि पुढच्या दाराशी जातो. ड्रॉपमध्ये आपण कुणाला ताटकळत ठेवत नाही, फक्त दार उघडत नाही.

टारपिटमध्ये दार उघडतो. iptables ला xtables-addons मधून मिळणारं TARPIT घ्या. स्कॅनरचं पहिलं पॅकेट आलं की 'या' असं उत्तर जातं, जोडणी पुरी होते. मग आपण सांगतो, माझी खिडकी शून्य, म्हणजे आत्ता एक अक्षरही पाठवू नका. पाट मांडला, बसवलं, पण पान वाढतच नाही. नियमाने वागणारा समोरचा दर एक ते चार मिनिटांनी विचारतो, "आता बोलू?" आपण पुन्हा शून्य. त्याने जोडणी बंद करायचा निरोप दिला तरी आपण लक्ष देत नाही, त्यामुळे त्याच्याकडे ती जोडणी १२ ते २४ मिनिटं लोंबकळत राहते. आणि या सगळ्यात आपण काहीच लक्षात ठेवत नाही. प्रत्येक पॅकेटला त्याच्यापुरतं उत्तर दिलं की काम झालं. जोडणीचं ओझं एकट्या त्याच्या डोक्यावर.

म्हणून 'डांबणे' मला चुकीचं वाटतं, काका. डांबलेल्याला कुलूप असतं. इथे पाहुणा वाटेल तेव्हा उठून जाऊ शकतो, त्याने आपल्या प्रोग्राममध्ये पाच सेकंदांची मर्यादा घातली की झालं. तो बसतो तो स्वतःच्या शिस्तीमुळे. 'तिष्ठत ठेवणे' नेमकं बसतं.

शेतीवाडी
माझा संगणकाशी संबंध नाही, पण तुम्ही सगळे डांबराच्या मागे का लागलात कळत नाही. शेतात पिवळे चिकट सापळे लावतो आम्ही. पांढरी माशी, मावा पिवळ्या रंगाकडे येतात आणि चिकटतात. 'चिकट सापळा' हा शब्द कृषी खात्याच्या पत्रकापासून दुकानापर्यंत सगळ्यांना कळतो. एक सांगतो, सापळ्याने कीड संपत नाही. किती आली हे कळतं, त्यावर फवारणी ठरते.

रसिका
चिकट सापळा! रोजचा शब्द आहे, भाषांतराचा वास नाही. सरांनाही चालेल.

जुनापोथीवाला
पण नाम आहे. मीनलताईंना क्रियापद हवंय. 'स्कॅनरला चिकटसापळले' म्हणणार का?

पहारेकरी
शेतीवाडी यांनी नकळत मोठा मुद्दा आणलाय, तो पुस्तिकेत हवा. पिवळा रंग किडीला बोलावतो. टारपिटही बोलावतो. ज्या पोर्टवर तो लावता ते बाहेरून चक्क उघडं दिसतं. उघडी पोर्टं नोंदवून ठेवणारे असतात, त्यांच्या यादीत नाव गेलं की येणारे वाढतात. ड्रॉपमध्ये ते होत नाही. तरी ड्रॉप म्हणजे अदृश्य होणं, हेही खरं नाही. यंत्र नसेलच तर वाटेतला शेवटचा राउटर पुष्कळदा कळवतो की इथे कोणी नाही. पूर्ण शांतता असेल तर जाणत्याला कळतं की आत कोणीतरी आहे आणि दार उघडत नाही.

आणि मासस्कॅन, झेडमॅप यांसारखे प्रोग्राम टारपिटमध्ये सापडतच नाहीत. ते दार ठोठावतात आणि विसरून जातात. उत्तर आलं तर 'उघडं' अशी नोंद करतात, जोडणी धरून बसतच नाहीत. त्यांना तिष्ठवणार कसं? तिष्ठतो तो दुसऱ्या फेरीत येणारा, खरी जोडणी करून पासवर्ड लावून बघणारा.

मंदार_पर्थ
माझा अनुभव सांगतो. घरच्या यंत्रावर खरं एसएसएच दुसऱ्या पोर्टवर हलवलं आणि २२ वर एंडलेसएच बसवलं. त्याची युक्ती वेगळी. एसएसएचच्या नियमात, आरएफसी ४२५३ मध्ये, सर्व्हरने आपली ओळख सांगण्याआधी इतर ओळी पाठवल्या तरी चालतं, फक्त त्या SSH- ने सुरू होता कामा नयेत. किती ओळी, याला मर्यादा घातलेली नाही. हा प्रोग्राम दर दहा सेकंदांनी एक निरर्थक ओळ पाठवतो आणि ओळख कधीच सांगत नाही. नोंद अशी दिसते (पत्ता बदललाय):

```
CLOSE host=203.0.113.45 port=38212 fd=7 time=20.029 bytes=35
```

time म्हणजे किती सेकंद बसला. माझ्याकडे बहुतेक वीस-तीस सेकंदांत उठतात. पण एक जण सलग चार दिवस बसून होता. आई रोज संध्याकाळी फोनवर विचारायची, "तो आहे का अजून?" आमच्या घरात त्याला 'रेंगाळवणे' म्हणतात. माझं मत तेच.

गोट्या_नागपूर
वीस सेकंद? मग दोन मिनिटांचा ड्रॉप काय वाईट होता?

पहारेकरी
ती वीस सेकंदं त्याच्या पासवर्ड लावणाऱ्या कामगाराची गेली. ड्रॉपवर तो कामगार आलाच नसता, पहिल्या फेरीतच पोर्ट यादीतून गळलं असतं. पण तुमच्या प्रश्नात तथ्य आहे. मंदारचं घरचं यंत्र आहे, वाचनालयाच्या सर्व्हरला मी ड्रॉपच लावेन. मुलांना आधी तेच शिकवा.

कारण एकदा मी स्वतः अडचणीत आलोय. एका कार्यालयाच्या गेटवेवर २३ क्रमांकाच्या पोर्टला टारपिट लावला. चार दिवसांनी तक्रारी, वेबसाइट कधी उघडते, कधी नाही. लोड नाही, मेमरी मोकळी. शेवटी dmesg मध्ये हे दिसलं:

```
nf_conntrack: table full, dropping packet
```

टारपिट स्वतः काही लक्षात ठेवत नाही, पण कर्नलची जोडण्या मोजणारी वही ठेवते. जुळलेली जोडणी त्या वहीत मुळात पाच दिवस राहते. स्कॅनरांच्या मेलेल्या जोडण्यांनी वही भरली आणि खऱ्या वाचकांची पॅकेटं गळायला लागली. आधी वहीत नोंदच होऊ नये, असं सांगायला हवं होतं:

```
iptables -t raw -A PREROUTING -p tcp --dport 23 -j CT --notrack
iptables -A INPUT -p tcp --dport 23 -j TARPIT
```

पहिली ओळ मी विसरलो होतो. स्कॅनरला तिष्ठत ठेवायला गेलो आणि तिष्ठले वाचक.

मीनल_सातारा
पहारेकरी, ही घटना तुमची परवानगी असेल तर नाव न घेता पुस्तिकेत घालते. 'तिष्ठत ठेवणे' वाक्यात छान बसतंय: "या पोर्टवर येणाऱ्याला तिष्ठत ठेवा." आता मथळ्याला नाम हवं.

पहारेकरी
खुशाल घाला.

जुनापोथीवाला
'तिष्ठवण'. आठवण, साठवण, तशी तिष्ठवण. मी 'डांबणे' अजून सोडलेलं नाही, पण ही रचना निदान शुद्ध आहे.

रसिका
तिष्ठवण कोण बोलतं? कोणी न बोललेल्या शब्दापेक्षा बोलला जाणारा 'टारपिट' मला जवळचा. आणि मीनल, तुझ्या 'गाळणे'कडे कोणी बघितलंच नाही. 'गाळलेल्या जागा भरा'मध्ये गाळणं म्हणजे वगळणं, चहा गाळताना मात्र हवं तेच खाली येतं. शिवाय nmap ड्रॉप केलेल्या पोर्टापुढे filtered लिहितो, त्यालाही मुलं 'गाळलेलं'च म्हणतील. पॅकेट गाळलं की पोर्ट गाळलं, हा गोंधळ होणार.

मीनल_सातारा
अरे देवा, ते पान छापायला गेलंय. 'टाकून देणे' करू का?

कोकणकडा
उशिरा आलो. आमच्याकडे खाडीकाठच्या चिखलाच्या जमिनीला खांजण म्हणतात. ओहोटीला वरून सुकलेलं दिसतं, पाय टाकला की गुडघाभर आत. जोर लावून उपसलात तर दुसरा पाय रुततो, आडवं होऊन हळूहळू सरकायचं असतं. 'खांजणात घालणे' कसं वाटतं?

जुनापोथीवाला
खांजण उत्तम! मात्र देशावरच्या मुलांना कळेल का? आणि रसिकाताई, तुमच्या आजोबांच्या 'डॅम बीस्ट'ला जुना लेखी आधार कुठे मिळाला का? मी वेगळा धागा काढतो आहे.